रात्री गेटवर उभ्या असलेल्या मुलीला कळेल अशी नोटीस: वसतिगृहाच्या ग्रुपवर वेळ, पाहुणे आणि तक्रारींबद्दल कसं लिहावं

रेक्टर म्हणून रुजू झाले त्या वर्षी मी वसतिगृहाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली पहिली नोटीस एका ओळीची होती. 'सर्व विद्यार्थिनींना कळविण्यात येते की, रात्री ९.३० नंतर कोणत्याही परिस्थितीत प्रवेश दिला जाणार नाही.' खाली माझी सही आणि शिक्का. ती पाठवून मी निश्चिंत झोपले.

दोन आठवड्यांनी सोलापूरकडच्या एका मुलीची गाडी यवतजवळ बंद पडली आणि ती स्वारगेटला पोहोचली तेव्हा सव्वाअकरा वाजले होते. तिने माझी नोटीस वाचली होती. 'कोणत्याही परिस्थितीत' हे शब्द तिने खरे मानले. मला फोन केला नाही, वॉचमनना केला नाही, मैत्रिणीला 'मी गावीच थांबले' असा मेसेज टाकला आणि पहाटे साडेपाचपर्यंत स्टँडच्या बाकावर बॅग मांडीवर घेऊन बसून राहिली. सकाळी गेट उघडल्यावर आली. मला हे कळलं तेही पंधरा दिवसांनी, मेसच्या रांगेत, दुसऱ्याच मुलीकडून. ती मुलगी आली असती तर मी गेट उघडलंच असतं. पण ते मला माहीत होतं, तिला नव्हतं.

तेव्हापासून नोटीस लिहिताना मी एकच प्रश्न समोर ठेवते: नियम ज्या क्षणी मोडतोय, त्या क्षणी मुलीने नेमकं काय करायचं हे या कागदात आहे का? पुढे जे लिहिते आहे ते पुण्यातल्या एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहातल्या अनुभवावरून. आमच्याकडे साधारण सव्वाशे मुली, तीन मजले, एक गेट, रात्रपाळीला एक वॉचमन आणि एक मावशी. मुलांच्या वसतिगृहात किंवा समाजकल्याणच्या शासकीय वसतिगृहात, जिथे आपल्याला गृहपाल म्हणतात, तपशील बदलतील. क्रम मात्र हाच ठेवता येईल.

लिहायला बसण्याआधी: हा नियम करायचा अधिकार कोणाचा?

ग्रुपवर लिहिणं इतकं सोपं असतं की आपण नियम कळवतोय की नवा करतोय हेच विसरायला होतं. म्हणून आधी प्रवेशाच्या वेळी मुलींनी आणि पालकांनी सही केलेलं नियमपत्रक काढून बसा. गेटची वेळ, दंड, पाहुण्यांचे तास यांतलं त्यात जे आहे ते नोटिशीत येऊ शकतं. जे नाही, ते वसतिगृह समितीच्या बैठकीत ठरवून घ्या, इतिवृत्तात नोंदवा आणि मगच लिहा. माझ्या आधीच्या एका सहकारी बाईंनी उशिराला शंभर रुपये दंड ग्रुपवरच जाहीर केला होता. पावती नाही, ठराव नाही. वर्षअखेरीस एका पालकांनी हिशेब मागितला तेव्हा द्यायला कागदच नव्हता. दंड असलाच तर तो छापील नियमांत असावा आणि प्रत्येक रुपयाची पावती निघावी. माझं वैयक्तिक मत विचाराल तर उशिरासाठी पैशांचा दंड ठेवूच नये. ज्या मुलीला शंभर रुपये जड नाहीत तिला त्याचं काही वाटत नाही, आणि जिला जड आहेत ती पैसे वाचवायला भिंतीवरून यायचा विचार करते.

दुसरी गोष्ट तपासायची ती समानतेची. उच्च शिक्षण संस्थांमधल्या लैंगिक छळाच्या प्रतिबंधासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१५ मध्ये केलेल्या नियमांत स्पष्ट म्हटलं आहे की, सुरक्षिततेचं कारण देऊन मुलींच्या वसतिगृहावर मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लादू नयेत. म्हणजे एकाच आवारात मुलांना अकरा आणि मुलींना साडेसात असं असेल, तर नोटिशीची भाषा कितीही गोड केली तरी प्रश्न उभा राहणारच. तो नोटीस निघायच्या आधी समितीत उभा राहिलेला बरा. दिल्लीत २०१५ साली 'पिंजरा तोड' नावाची मोहीम सुरू झाली ती याच मुद्द्यावर. केरळमध्ये कोझिकोड जिल्ह्यातल्या एका कॉलेजच्या वसतिगृहाने संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायला बंदी केली. विरोध करणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृह सोडावं लागलं, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि २०१९ मध्ये निकाल तिच्या बाजूने लागला. इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असं न्यायालयाने म्हटलं. 'आमच्या वसतिगृहात आम्ही म्हणू ते' एवढं पुरत नाही, हे लक्षात ठेवून लिहिलेलं बरं.

वेळ लिहिताना: एक नव्हे, तीन वेळा

'रात्री ९.३०' म्हणजे नेमकं काय? गेटला कुलूप लागण्याची वेळ, हजेरीची वेळ, की त्यानंतर आलेली मुलगी 'उशिरा' धरण्याची वेळ? आमच्याकडे या तिन्ही एकच धरल्या जात होत्या आणि रोज रात्री गेटवर घड्याळावरून वाद व्हायचा. आता तीन वेळा वेगवेगळ्या लिहिल्या आहेत. साडेनऊला मोठं गेट बंद होतं, पण दिंडी दरवाजा उघडा असतो आणि तिथे वॉचमन असतात. दहाला मजल्यावर हजेरी होते. साडेनऊ ते दहा या वेळात येणारी मुलगी फक्त वहीत वेळ आणि कारण लिहून आत जाते. तिला कोणी काही विचारत नाही. दहानंतर आली तरी ती आत येतेच, फक्त दुसऱ्या दिवशी मला भेटते. प्रवेश नाकारणं ही शिक्षा कुठेच नाही, आणि हे वाक्य नोटिशीत सगळ्यात वर, ठळक अक्षरांत असतं.

मधला हा अर्धा तास फुकट दिलेला नाही. मुंबईहून येणारी डेक्कन क्वीन वेळेवर असली तर साडेआठच्या सुमारास पुणे स्टेशनवर लागते. ती अर्धा तास उशिरा आली आणि रिक्षाला पाऊण तास लागला तर मुलगी पावणेदहाला दारात. तिचा यात काय दोष? असे उशीर नियमातच सामावून घेतले की खरोखर काळजी करण्यासारखे उशीर वेगळे दिसू लागतात.

मग प्रश्न येतो तो न कळवता गैरहजर असलेल्या मुलीचा. इथे नोटिशीत नुसतं 'कारवाई केली जाईल' लिहून चालत नाही. रेक्टर काय करणार आणि किती वाजता करणार, हे लिहावं लागतं. आमचा क्रम असा: दहाच्या हजेरीला नसेल तर सव्वादहापर्यंत तिला आणि तिच्या खोलीतल्या मुलींना फोन. साडेदहापर्यंत पत्ता लागला नाही तर प्रवेश अर्जावरच्या स्थानिक पालकांना. अकराला घरी. साडेअकरापर्यंत कोणाकडूनच काही कळलं नाही तर प्राचार्यांना कळवून ११२ वर. हे वाचल्यावर मुलींना दोन गोष्टी समजतात. एक, आपल्या एका मेसेजने ही सगळी साखळी थांबते. दोन, वीस मिनिटं उशीर झाला म्हणून बाई लगेच घरी फोन लावत नाहीत.

घरच्या फोनबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथे नवी रेक्टर चुकते. आपल्याला वाटतं, घरी कळवलं की आपली जबाबदारी संपली. पण काही घरांत 'रात्री पावणेदहाला आली' एवढं वाक्य मुलीचं शिक्षण बंद करायला पुरतं. पुढच्या आठवड्यात वडील येतात, सामान रिक्षात जातं. मी हे दोनदा पाहिलं आहे. म्हणून घरी फोन कधी जाणार हे आधीच ठरवून लिहावं आणि त्या आधी करू नये. उलट मुलगी खरोखर सापडत नसेल तर 'घरचे घाबरतील' म्हणून थांबूही नये.

रजेवर जाणाऱ्या मुलीसाठी बाहेर राहण्याचा अर्ज वेगळा असतो. त्यात तारीख, जाण्याचं ठिकाण, तिथला फोन आणि परत येण्याची वेळ एवढंच मागा. पालकांची संमती अर्जावर नोंदवलेल्या नंबरवरूनच घ्या, आणि शक्यतो आपणच त्या नंबरवर फोन करा. मला एकदा एका 'बाबांचा' फोन आला होता, आवाज भारदस्त, संमती एकदम स्पष्ट. मागे कॅन्टीनमधला चहावाला 'दोन कटिंग' म्हणून ओरडत होता, तो आमच्याच कॅन्टीनचा.

पाहुणे: वहीत काय लिहायचं नाही ते आधी

पाहुण्यांचे नियम बहुतेक ठिकाणी सारखेच असतात: भेटीचे तास, भेटीची खोली, ओळखपत्र. आमच्याकडे रोज संध्याकाळी पाच ते साडेसात आणि रविवारी सकाळी दहापासून. पुरुष पाहुणे भेटीच्या खोलीतच. आई, बहीण, आजी यांना वर खोलीत जाता येतं. मुक्कामाला फक्त आई किंवा बहीण, तेही आधी अर्ज करून, महिन्यातून दोन रात्री. खाण्याच्या डिलिव्हरीवाल्याने गेटवरच्या टेबलावर पार्सल ठेवायचं, मुलीने खाली येऊन घ्यायचं. यात फार बोलण्यासारखं काही नाही, आपापल्या जागेप्रमाणे ठरवा. मुली आजारी असताना, परीक्षेच्या दिवसांत आणि सामान न्यायच्या दिवशी वडील-भाऊ वर येऊ शकतात का, हे मात्र लिहा. नाहीतर दर जूनला जिन्यात ट्रंक अडकून राहते.

जपायची गोष्ट म्हणजे गेटवरची वही. आमच्या जुन्या वहीत पाहुण्याचं नाव, कोणाला भेटायचं, तिचा खोली क्रमांक आणि फोन असे रकाने होते. म्हणजे पाहुणा म्हणून आलेला कोणताही माणूस आपली ओळ लिहिताना वरच्या वीस मुलींची नावं, खोल्या आणि नंबर आरामात वाचू शकत होता. एका मुलीला अनोळखी नंबरवरून मेसेज येऊ लागले तेव्हा आम्ही उलटा शोध घेतला आणि तो या वहीपाशी येऊन थांबला. आता खोली क्रमांक आणि मुलीचा फोन हे रकानेच नाहीत. वही वॉचमनकडे असते, ते स्वतः लिहितात आणि पाहुण्याला फक्त सही करायला देतात. ओळखपत्र पाहायचं, पण त्याचा फोटो वॉचमनच्या मोबाइलमध्ये काढायचा नाही. कोणतं ओळखपत्र पाहिलं आणि त्याचे शेवटचे चार अंक, एवढी नोंद पुरे.

दुसरी गोष्ट वॉचमनच्या तोंडच्या वाक्याची. कोणी येऊन 'अमुक मुलगी आहे का?' विचारलं की वॉचमनकाका साहजिकच 'आहे, बोलावतो' किंवा 'बाहेर गेलीय, आठला येईल' असं सांगतात. नको असलेल्या माणसाला तिची वेळ यातून मिळते. आमच्याकडे वाक्य ठरलेलं आहे: 'नाव सांगा, आत विचारून येतो.' मुलीने भेटायला नकार दिला तर 'आत्ता भेट होणार नाही' एवढंच. ती आहे की नाही, हे सांगायचं नाही. हे फक्त वॉचमनना सांगून भागत नाही, नोटिशीतही लिहावं लागतं, कारण मुलींना कळलं पाहिजे की भेट नाकारण्याचा हक्क आपल्याला आहे, आलेला माणूस काका असला तरी.

तक्रार: तीन रस्ते, आणि कोणता कुठे जातो

माझा अर्धा वेळ इथे जातो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ग्रुपवर तक्रार आली की काय होतं ते कोणाही रेक्टरला विचारा. रात्री नऊला एक मुलगी लिहिते, 'आज वरण पुन्हा पातळ.' दहापर्यंत पन्नास मेसेज, तीन मीम, एक भांडण, आणि मधेच कुणाचं तरी 'माझी इस्त्री कोणी नेली?' या सगळ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या गीझरला हात लावल्यावर झटका बसतो, असा एक मेसेज असतो आणि तो कोणाच्याच लक्षात राहत नाही. म्हणून ग्रुप सूचनांचा, तक्रारी वेगळ्या. पण 'ग्रुपवर तक्रार करू नये' एवढंच लिहिलं तर त्याचा अर्थ 'तक्रार करू नये' असा होतो. कुठे करायची हे त्याच ओळीत द्यावं लागतं.

पहिला रस्ता दुरुस्तीचा आणि सोयींचा: पाणी, वीज, गीझर, दाराची कडी, मेस. यासाठी ऑफिसबाहेर पानं क्रमांकित केलेली वही ठेवा. प्रत्येक तक्रारीला क्रमांक, आणि तो क्रमांक मुलीने लिहून घ्यायचा. वहीत शेवटचा रकाना 'काय केलं आणि कधी' असा हवा आणि तो रेक्टरने भरायचा. रिकामा राहिलेला रकाना सगळ्यांना दिसतो, हाच त्याचा उपयोग. वीज, गॅस आणि कडी-कुलूप यांबाबत मात्र वही नाही, सरळ फोन, रात्री दोनला असला तरी. मुदती खऱ्या लिहा. आमचा प्लंबर रविवारी येत नाही, तर 'चोवीस तासांत' असं लिहून मीच खोटी ठरते. त्यापेक्षा 'कामाच्या दिवशी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत' हे खरं.

तक्रार कशी लिहावी याचा एक नमुना नोटिशीत द्या, फरक लगेच पडतो. 'गीझर खराब आहे' यावरून इलेक्ट्रिशियनला काही कळत नाही, तो येऊन चालू गीझर बघून जातो. 'दुसरा मजला, जिन्याकडून पहिलं बाथरूम, सोमवार सकाळपासून लाल दिवा लागतो पण पाणी गारच' यावरून तो सामान घेऊनच येतो. मेसच्या तक्रारीला तारीख, कोणतं जेवण आणि काय होतं एवढं पुरे. जेवणात काही निघालं तर ताट धुवू नका, तसंच मेस समितीच्या मुलीला दाखवा.

दुसरा रस्ता वागणुकीचा: खोलीतल्या मुलीशी पटत नाही, आवाज, चोरीचा संशय, मावशी किंवा वॉचमन उद्धट बोलले. हे लेखी पण बंद पाकिटात, किंवा समोर बसून. यासाठी भेटीची वेळ द्या, आमच्याकडे मंगळवार आणि शुक्रवारी साडेसात ते साडेआठ. तक्रारपेटीही आहे, पण तिला दोन कुलपं आहेत. एक किल्ली माझ्याकडे, एक मुलींच्या प्रतिनिधीकडे. पेटी दोघींसमोरच उघडते. एकच किल्ली रेक्टरकडे असलेल्या पेटीत रेक्टरबद्दलची चिठ्ठी कोण टाकेल? आणि रेक्टरच्या उत्तराने समाधान झालं नाही तर पुढे कुठे जायचं, हेही लिहा: प्राचार्य, मग महाविद्यालयाची विद्यार्थी तक्रार निवारण समिती. आयोगाच्या २०२३ च्या नियमांप्रमाणे या समितीने पंधरा कामाच्या दिवसांत अहवाल द्यायचा असतो, आणि तो मान्य नसेल तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येतं. आपल्यावरची तक्रार कुठे करायची हे आपल्याच नोटिशीत लिहायला पहिल्यांदा जीभ अडखळते. लिहा. ते लिहिल्यापासून माझ्याविरुद्ध वर गेलेल्या तक्रारी वाढल्या नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या वाढल्या.

तिसरा रस्ता सगळ्यात महत्त्वाचा आणि तो रेक्टरपाशी थांबत नाही. रॅगिंग आणि लैंगिक छळ. यांत 'आपापसांत मिटवू' हे शब्द तोंडातून काढायचे नाहीत. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. आयोगाच्या २००९ च्या नियमांनुसार रॅगिंगचा गुन्हा दिसत असेल तर संस्थाप्रमुखाने माहिती मिळाल्यापासून चोवीस तासांत पोलिसांत प्रथम माहिती अहवाल नोंदवायचा असतो. मुलगी थेट राष्ट्रीय हेल्पलाइनवरही बोलू शकते, ती दिवसरात्र चालू असते. लैंगिक छळाची तक्रार महाविद्यालयाच्या अंतर्गत तक्रार समितीकडे जाते, घटनेपासून तीन महिन्यांच्या आत आणि लेखी. वसतिगृह आणि तिथले कर्मचारी या समितीच्या कक्षेत येतात. म्हणून समितीच्या अध्यक्षांचा फोन नोटिशीत हवा, नुसतं 'समितीकडे संपर्क साधावा' नको. लेखी द्यायला जमत नसेल तर समितीने मदत करायची असते, हेही एका ओळीत लिहा.

नोटीस, जशी गेली तशी

खालची नोटीस आम्ही गेल्या जूनमध्ये लावली. फोन नंबरांच्या जागी मी रिकाम्या जागा ठेवल्या आहेत.

> सूचना क्र. ४. सोमवारपासून लागू. वसतिगृह समितीच्या बैठकीत मंजूर.
>
> कितीही उशीर झाला तरी तुम्हाला आत घेतलं जाईल. बाहेर थांबू नका.
>
> वेळ. ९.३० ला मोठं गेट बंद, लहान दार उघडं. १०.०० ला हजेरी. ९.३० ते १० मध्ये आलात तर वहीत वेळ लिहा आणि आत या. १० नंतर येणार असाल तर या नंबरवर एक मेसेज करा: कुठे आहात, किती वाजेपर्यंत याल. वॉचमन: ______. रेक्टर: ______. गाडी बंद पडली, सोबत नाही, रिक्षा मिळत नाही, तर फोन करा, आम्ही सोय बघू. कळवलं नाही तर १०.१५ ला तुम्हाला, १०.३० ला स्थानिक पालकांना, ११ ला घरी फोन जाईल. ११.३० पर्यंत काही कळलं नाही तर ११२ वर कळवू.
>
> पाहुणे. रोज ५ ते ७.३०, रविवारी १० ते ७.३०. भेट खालच्या खोलीत. आई, बहीण, आजी वर येऊ शकतात. मुक्कामासाठी दोन दिवस आधी अर्ज. ज्यांना भेटायचं नाही त्यांना नाही म्हणा. तुम्ही आत आहात की नाही, हे गेटवर कोणालाही सांगितलं जाणार नाही.
>
> तक्रार. दुरुस्ती, पाणी, मेस: ऑफिसबाहेरची वही, क्रमांक घ्या. वीज, गॅस, कडी-कुलूप: लगेच फोन. खोलीतला वाद, कर्मचाऱ्यांचं वागणं: पेटी, किंवा मंगळवार-शुक्रवार ७.३० ते ८.३० ला भेटा. माझ्याबद्दल तक्रार: प्राचार्य ______, मग विद्यार्थी तक्रार निवारण समिती.
>
> रॅगिंग: प्राचार्य, किंवा थेट 1800-180-5522. लैंगिक छळ: अंतर्गत तक्रार समिती, अध्यक्ष ______. यासाठी रेक्टरची परवानगी लागत नाही.

नंबर इंग्रजी अंकांत लिहा, म्हणजे बोट लावलं की फोन लागतो. 'कळविण्यात येते की' काढून टाका. 'सदर', 'उपरोक्त', 'अन्यथा' हे शब्द दिसले की मुली वाचणं सोडून फॉरवर्ड करतात, असा माझा अनुभव. मराठी नीट न वाचणाऱ्या मुली असतील तर हिंदी किंवा इंग्रजी प्रत वेगळ्या मेसेजमध्ये टाका. एकाच मेसेजमध्ये दोन भाषा आल्या की खालची कोणी वाचत नाही.

पाठवताना

आधी वॉचमन आणि मावशींना बसवून नोटीस मोठ्याने वाचून दाखवा आणि त्यांना विचारा: 'पावणेअकराला मुलगी आली तर काय कराल?' आमच्या काकांनी पहिल्यांदा उत्तर दिलं, 'बाई, आधी तुम्हाला विचारीन.' म्हणजे मुलगी तोवर बाहेर. मग ठरलं की आधी आत घ्यायचं, खुर्चीवर बसवायचं, मग मला फोन. गेटवर काय होतं ते वॉचमन ठरवतात, ग्रुप नाही.

ग्रुप 'फक्त अ‍ॅडमिन मेसेज करू शकतात' असा ठेवा. नव्याने बनवत असाल तर कम्युनिटीचा अनाउन्समेंट ग्रुप बरा, त्यात मुलींचे नंबर इतर सदस्यांना दिसत नाहीत. नोटीस लागू होण्याच्या आठवडाभर आधी, जेवणानंतर, पावणेनऊच्या सुमारास टाका आणि तीस दिवसांसाठी पिन करा. चूक दिसली तर पंधरा मिनिटांच्या आत मेसेज दुरुस्त करता येतो. त्यानंतर दिसली तर 'सूचना क्र. ४, दुरुस्त' अशी नवी टाका आणि जुनी काढून टाका, नाहीतर दोन वेगवेगळ्या वेळा फिरत राहतात. 'वाचलं' म्हणून सव्वाशे अंगठे मागू नका. मेसेजच्या माहितीत कोणी पाहिला ते दिसतंच. ज्या मुलींनी तीन दिवसांत पाहिला नाही त्यांच्या खोलीवर कागद पोहोचवा. एक छापील प्रत गेटवर, एक मेसमध्ये, एक प्रत्येक मजल्यावर. फोनची बॅटरी संपलेल्या मुलीसाठी गेटवरची.

कोणत्याही मुलीचं नाव, उशीर किंवा तक्रार ग्रुपवर घेऊ नका, 'काही मुली' असंही नको. 'काही मुली' म्हणजे कोण, हे पाच मिनिटांत सगळ्यांना कळतं.

पहिल्या महिन्यात काय बघायचं

उशिराची वही दर शनिवारी चाळा. आमच्याकडे पहिल्या महिन्यात साडेनऊ ते दहाच्या नोंदींत एकाच क्लासच्या चार मुली रोज दिसल्या. क्लास नऊला सुटतो, बस साडेनऊनंतर येते. त्यांना वेगळी परवानगी दिली, वहीतली चार नावं कमी झाली. उलट पेटी महिनाभर रिकामी राहिली तर आनंद मानू नका. मी प्रतिनिधीला विचारलं तेव्हा कळलं, पेटी ऑफिसच्या खिडकीसमोर होती आणि तिथे मी बसलेली असायची. ती जिन्याखाली हलवली.

गणपतीच्या दिवसांसाठी मात्र ही नोटीस बदलू नका. वेगळी सूचना काढा, लागू होण्याची आणि संपण्याची तारीख टाकून. विसर्जनाच्या दिवशी मध्यवस्तीतले रस्ते बंद असतात, रिक्षा मिळत नाहीत आणि मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत चालते. आम्ही त्या रात्री लहान दार पहाटेपर्यंत उघडं ठेवतो, दुसरा वॉचमन बोलावतो, आणि बाहेर जाणाऱ्या मुली गटाने जातात, गटातल्या दोघींचे नंबर गेटवर लिहून. ती सूचना तिसऱ्या दिवशी ग्रुपवरून काढायची आठवण मी मोबाइलमध्ये लावून ठेवते. एका वर्षी काढायची राहिली होती, तेव्हा नवरात्रात मुली मला तीच दाखवत होत्या.